माहिती अधिकाराचं उत्तर: काय दिलं, काय राखलं आणि का, हे स्पष्ट कळेल असं कसं लिहावं

आधी एक मसुदा वाचू. पुण्यातल्या एका सार्वजनिक कार्यालयाच्या स्थापत्य शाखेत तो जन माहिती अधिकाऱ्यांच्या सहीसाठी ठेवला आहे असं समजा. प्रकरण समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण वाक्यं तुमच्या ओळखीची निघतील.

"उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की, मुद्दा क्र. १ ची माहिती सोबत जोडली आहे. मुद्दा क्र. २ ची माहिती व्यापक स्वरूपाची असल्याने कार्यालयीन वेळेत येऊन अवलोकन करावे. मुद्दा क्र. ३ व ४ ची माहिती कलम ८(१) अन्वये देय नाही. मुद्दा क्र. ५ प्रश्नार्थक असल्याने माहितीच्या व्याख्येत येत नाही. सदर माहितीने आपले समाधान न झाल्यास वरिष्ठांकडे अपील करता येईल."

अर्ज धायरीतल्या एका रहिवाशाचा. त्यांच्या गल्लीत पावसाळी गटारवाहिनी टाकली गेली आणि पहिल्याच मोठ्या पावसात चेंबरची झाकणं खचली. त्यांनी पाच गोष्टी मागितल्या: कार्यादेश आणि अंतिम देयकाची प्रत, मोजमाप पुस्तकातल्या नोंदी, ठेकेदाराने निविदेसोबत दिलेलं दर विश्लेषण, दर्जाबाबत चालू असलेल्या चौकशीची कागदपत्रं, आणि दोषदायित्व कालावधीत दुरुस्ती का करून घेतली नाही याची माहिती.

हा मसुदा त्यांच्या हातात पडला तर त्यांना काय कळेल? पहिल्या मुद्द्याची किती पानं हवी होती आणि किती आली, हे नाही. तिसरा आणि चौथा मुद्दा कलम ८(१) च्या दहा खंडांपैकी कोणत्या खंडात अडकला, हे नाही. अपील कोणाकडे, किती दिवसांत, हेही नाही. अपील करायचं तर नेमकं कशाविरुद्ध, हेच ठाऊक नसल्याने ते "संपूर्ण माहिती मिळावी" असं मोघम अपील करतील, आणि सुनावणीत अधिकाऱ्यालाच सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. शिवाय कलम १९(५) प्रमाणे नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर असते. मसुद्यात कारणच नसेल तर सिद्ध करायला हातात काही उरत नाही.

भाषेला हात लावण्याआधी नस्ती उघडा

असं उत्तर सुधारायला घेतलं की पहिला मोह शब्द सोपे करण्याचा होतो. "उपरोक्त" काढलं, "वरील" घातलं, तरी उत्तर तितकंच अंधुक राहतं. अंधुकपणा बहुतेक वेळा भाषेत नसतो. कोणतं पान द्यायचं आणि कोणतं नाही, हा निर्णयच पानागणिक झालेला नसतो.

म्हणून कोरा कागद घ्या आणि प्रत्येक मागणीसमोर चार गोष्टी लिहा. या मागणीचे कोणते कागद आपल्याकडे खरोखर आहेत आणि त्यांची पानं किती? त्यातली किती जशीच्या तशी जातील? कोणती पानं, किंवा पानावरच्या कोणत्या ओळी राखायच्या? त्या राखण्यामागची वस्तुस्थिती काय? शेवटच्या रकान्यात नुसतं कलम लिहायचं नाही. त्या कागदाबद्दलची, नस्तीत दाखवता येईल अशी गोष्ट लिहायची. "कलम ८(१)(ज)" ही वस्तुस्थिती नव्हे. "दोन जणांचे जबाब घ्यायचे बाकी आहेत" ही वस्तुस्थिती आहे.

आपल्या प्रकरणात हा कागद भरल्यावर चित्र असं दिसलं. कार्यादेश ३ पानं, अंतिम देयक ५ पानं, मोजमाप पुस्तकातल्या या कामाच्या नोंदी १४ पानं, दर विश्लेषण ९ पानं, चौकशीची १६ पानं आणि तक्रार नोंदवहीचं एक पान. सगळी मिळून ४८ पानं. मसुदा वाचताना डोळ्यांपुढे गठ्ठेच्या गठ्ठे उभे राहत होते. प्रत्यक्षात प्रश्न एका पातळ नस्तीचा आहे.

"व्यापक स्वरूपाची": दुसरा मुद्दा

मोजमाप पुस्तक जाड असतं आणि त्यात अनेक कामांच्या नोंदी असतात. लिपिकाने जाडी बघून "व्यापक" लिहिलं. अर्जदाराने मात्र एकाच कामाच्या नोंदी मागितल्या आहेत आणि त्या १४ पानांत मावतात.

ज्या कलमाच्या आधाराने हे वाक्य लिहिलं जातं ते कलम ७(९) नीट वाचा. मागितलेल्या स्वरूपात माहिती देताना कार्यालयाची साधनसामग्री बेसुमार वळवावी लागत असेल किंवा अभिलेखाच्या जतनाला धोका असेल, तर स्वरूप बदलता येतं, इतकंच ते सांगतं. माहिती नाकारायची मुभा ते देत नाही. जिथे खरोखर हजारो पानं असतील तिथे अवलोकनाला बोलवा, पण दिवस, वेळ, खोली, भेटायच्या कर्मचाऱ्याचं पदनाम आणि पाहून झाल्यावर निवडलेल्या पानांच्या प्रती मिळतील हे वाक्य, एवढं सगळं लिहा. "कार्यालयीन वेळेत यावे" एवढ्यावर माणूस तीन चकरा मारतो. इथे तो प्रश्नच नाही. १४ पानं आहेत, ती द्यायची.

काळं करायचं तर नेमकं किती: पहिला मुद्दा

कार्यादेशात राखण्यासारखं काही नाही. अंतिम देयकाच्या शेवटच्या पानावर ठेकेदाराचा बँक खाते क्रमांक आणि पॅन आहे. ठेकेदार एकल मालकीचा आहे, म्हणजे खातं आणि पॅन त्या व्यक्तीचेच. हे खंड ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती, यात बसतं.

या खंडाची शब्दरचना बदलली आहे, म्हणून थोडं थांबू. पूर्वी नुसतं "वैयक्तिक" म्हणून चालत नसे. माहितीचा सार्वजनिक कामकाजाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण आक्रमण होतं, हे दाखवावं लागे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने ही अट काढून टाकली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल लागू झाला. त्यानंतर काही ठिकाणी कागदावर दिसेल ते प्रत्येक नाव काळं करण्याकडे कल दिसतो. माझ्या मते हे चूक आहे आणि त्याला कायद्यातच उत्तर आहे. कलम ८(२) जसंच्या तसं आहे: उघड करण्यातलं सार्वजनिक हित राखण्यातल्या हानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. आणि कलम ४(१)(ख) प्रमाणे अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. मोजमाप घेणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याचं नाव जर आपणच प्रसिद्ध करतो, तर मोजमाप पुस्तकातल्या त्याच्या सहीखालचं नाव लपवण्याचं समर्थन कसं करणार? लोकांच्या पैशाच्या कामाचं मोजमाप कोणी घेतलं, हाच तर त्या नोंदीचा अर्थ आहे. ते नाव ठेवा. खाते क्रमांक आणि पॅन झाका.

कलम १० प्रमाणे पानाचा राखायचा भाग वेगळा करून उरलेलं पान द्यायचं असतं. दोन ओळींसाठी पाच पानांचं देयक अडवता येत नाही. झाकायची पद्धतही सांगतो, कारण इथे नेहमी घोटाळा होतो. मूळ कागदाला हात लावू नका. छायाप्रत काढा, तिच्यावर काळ्या मार्करने ओळ झाका, आणि त्या झाकलेल्या प्रतीची पुन्हा छायाप्रत काढून ती द्या. पहिली प्रत उजेडासमोर धरली की आकडे वाचता येतात. ई-मेलने पीडीएफ पाठवायची असेल तर संगणकावर काळी चौकट ओढून भागत नाही. खालचा मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवता येतो. झाकलेली प्रत छापा आणि ती स्कॅन करून पाठवा. काळ्या पट्टीशेजारी समासात "बँक खाते क्रमांक, कलम ८(१)(ञ)" असं लिहा, म्हणजे तिथे काय होतं हे वाचणाऱ्याला कळतं.

खंडाचं अक्षर लिहिताना सोबत विषय लिहायचं आणखी एक कारण आहे. मराठी अधिनियमात वैयक्तिक माहितीचा खंड "ञ" आहे आणि तपासाचा "ज". बोलताना मात्र वैयक्तिक माहितीच्या खंडाला सगळे "जे" म्हणतात. टंकलेखकाने "जे" ऐकून "ज" टंकलं की वैयक्तिक माहितीसाठी तपासाचं कलम लागतं आणि सुनावणीत पंचाईत होते. "ञ (वैयक्तिक माहिती)" असं लिहिलं की ही चूक लगेच नजरेला येते.

त्रयस्थ पक्ष: तिसरा मुद्दा

दर विश्लेषण ठेकेदाराने दिलेलं आहे आणि त्यावर त्याने "गोपनीय" असा शिक्का मारला आहे. म्हणून कलम ११ लागू होतं. शिक्का नसता, किंवा ठेकेदाराने ते कागद कधी गोपनीय मानलेच नसते, तर या वाटेला जायची गरज नव्हती.

अर्ज ५ जानेवारीला मिळाला. माहिती देण्याचा विचार असेल तर पाच दिवसांत त्रयस्थ पक्षाला लेखी सूचना जावी लागते. ती ८ तारखेला गेली आणि ९ तारखेला पोहोचली. सूचना मिळाल्यापासून दहा दिवसांत त्याने म्हणणं मांडायचं असतं. त्याने १६ तारखेला लिहून दिलं: "आमचे दर उघड झाल्यास व्यावसायिक नुकसान होईल." अशा मुद्द्यावर निर्णयाची मुदत अर्ज मिळाल्यापासून ४० दिवसांची असते. मात्र ती फक्त त्या मुद्द्यापुरती. त्रयस्थ पक्षाचं नाव सांगून बाकी चारही मुद्दे ४० दिवस रोखून धरणं, हा नेहमी दिसणारा दोष आहे.

दुसरा दोष त्याहून मोठा. "त्रयस्थ पक्षाने हरकत घेतल्याने माहिती देता येत नाही" असं लिहिलं जातं, जणू निर्णय ठेकेदाराने केला. हरकत विचारात घ्यायची असते. निर्णय जन माहिती अधिकाऱ्याचा असतो आणि तो उत्तरात दिसायला हवा.

इथे नऊ पानं उघडून पाहिली तर त्यांचे दोन भाग पडतात. सहा पानांत बाबनिहाय दराची फोड आहे: मजुरी, साहित्य, वाहतूक, नफा. काम पूर्ण झालं आहे, निविदा केव्हाच उघडली आहे, पैसे सार्वजनिक निधीतून गेले आहेत. या कामापुरती स्पर्धा संपली आहे आणि ठेकेदाराने नुकसान कसं होईल हे सांगितलेलं नाही. ही सहा पानं द्यायची. उरलेल्या तीन पानांत त्याच्या दोन पुरवठादारांची दरपत्रकं आहेत. त्यांत फक्त त्याला दिलेली सवलत आहे आणि ते दर आजही चालू आहेत. ती उघड झाली तर पुढच्या निविदेत प्रतिस्पर्ध्यांना त्याची खरेदीची किंमत कळेल. हे खंड ८(१)(घ), व्यापारी गुपित व स्पर्धात्मक स्थान, यात खरोखर बसतं.

मात्र द्यायचं ठरलेली सहा पानंही त्याच दिवशी हातात द्यायची नाहीत. ठेकेदाराला निर्णय कळवावा लागतो आणि त्यालाही ३० दिवसांत अपील करता येतं. निर्णय त्याला २९ जानेवारीला हातपोच दिला, तर त्याची मुदत २८ फेब्रुवारीला संपते. अर्जदाराला ही तारीख सांगितली नाही तर "देण्याचे ठरले आहे" हे वाक्य त्याला चालढकल वाटतं.

"चौकशी सुरू आहे": चौथा मुद्दा

या एका वाक्यावर जितकी माहिती अडते तितकी क्वचितच दुसऱ्या कशावर. खंड ८(१)(ज) चे शब्द वेगळे आहेत: ज्यामुळे तपासाच्या, अपराध्यांना पकडण्याच्या किंवा खटल्याच्या कामात अडथळा येईल अशी माहिती. चौकशी चालू असणं पुरेसं नाही, अडथळा दाखवावा लागतो. दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या प्रकरणात २००७ मध्ये हेच सांगितलं. चौकशीचं नुसतं अस्तित्व हे नकाराचं कारण होत नाही, अडथळा कसा येईल याची कारणं द्यावी लागतात.

आपली चौकशी दक्षता शाखेकडे आहे. कलम ५(४) प्रमाणे दुसऱ्या अधिकाऱ्याची मदत लेखी मागता येते, आणि कलम ५(५) प्रमाणे अधिनियमाचं उल्लंघन झाल्यास मदत मागितलेला अधिकारी जन माहिती अधिकारीच समजला जातो. पत्रात "माहिती देता येईल का?" असं विचारू नका. त्याला "नाही" हेच उत्तर येणार. तीन प्रश्न विचारा: नस्तीत कोणते कागद आहेत, कोणती पायरी बाकी आहे, आणि कोणता कागद उघड झाला तर त्या पायरीला काय होईल?

उत्तर आलं. नस्तीत चौकशीच्या आदेशाची २ पानं आहेत, स्थळपाहणी अहवालाची ३ आणि तीन जणांच्या जबाबांची ११. ठेकेदाराचे दोन पर्यवेक्षक अजून यायचे आहेत. आता निर्णय आपोआप दिसतो. आदेश उघड झाल्याने काही अडत नाही. स्थळपाहणी झालेली आहे आणि खचलेली झाकणं तर सगळ्या गल्लीला दिसतात. ही पाच पानं जातील. जबाब मात्र आधी बाहेर गेले तर उरलेले दोघं ते वाचून आपलं सांगणं त्याला जुळवून घेऊ शकतात. हा खरा अडथळा आहे आणि तो एका वाक्यात सांगता येतो. तो तेवढाच काळ टिकतो, म्हणून केव्हापर्यंत हेही लिहायचं.

दक्षता शाखेकडून बाकी पायरी कोणती हेच सांगता आलं नसतं, तर नकार टिकला नसता. स्वतः तपासायचा सोपा मार्ग असा: "ही माहिती दिल्यास अमुक होईल, कारण..." हे वाक्य पूर्ण करून बघा. त्यात "चौकशीवर परिणाम होईल" एवढंच लिहून थांबावं लागलं, तर कारण नाही असं समजा.

"का" असं विचारलं तर: पाचवा मुद्दा

कारणं तयार करून देणं जन माहिती अधिकाऱ्याचं काम नाही, हे खरं. मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने २००८ च्या सेल्सा पिंटो प्रकरणात तसं म्हटलं आहे. पण प्रश्नचिन्ह दिसलं की मागणीच फेटाळणं हा त्याचा अर्थ नाही. दुरुस्तीबाबत निर्णय झाला असेल तर तो कुठल्यातरी टिपणीत असेल, ठेकेदाराला पत्र गेलं असेल तर जावक नोंद असेल. शोधायचं ते हे. कागदात कारण असेल तर कागद द्यावा, नसेल तर तसं सांगावं.

शोधल्यावर तक्रार नोंदवहीत रहिवाशांची तक्रार सापडली. ठेकेदाराला दुरुस्तीसाठी पाठवलेलं पत्र मात्र नस्तीत नाही आणि जावक नोंदवहीतही नाही. इथे "माहिती उपलब्ध नाही" असं लिहून मोकळं व्हायची सवय आहे, आणि त्यातून तीन निरनिराळे अर्थ निघतात: कागद तयारच झाला नव्हता, मुदत संपल्यावर रीतसर नष्ट केला, किंवा हरवला. पहिल्यात पुढे काही करायचं नसतं. दुसऱ्यात नाशनाच्या आदेशाचा क्रमांक द्यावा लागतो. तिसऱ्यात कार्यालयाला शोध आणि जबाबदारी निश्चितीची कारवाई करावी लागते. यातलं कोणतं, आणि कुठे कुठे शोधून हे ठरवलं, हे लिहा. असं पत्र गेलंच नाही, ही गोष्ट कार्यालयाला अवघड वाटेल. पण अर्जदाराने नेमकं तेच विचारलं होतं.

शुल्क

महाराष्ट्रात प्रतीचा दर पानाला २ रुपये. मागणीपत्रात आकडेमोड दाखवायची: २८ पानं गुणिले २, बरोबर ५६ रुपये. त्याच पत्रात या शुल्काविरुद्ध दाद कुठे मागायची तेही लिहावं लागतं. पत्र पाठवल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० दिवसांतून वगळले जातात. इथे पत्र १९ जानेवारीला गेलं, पैसे २२ तारखेला भरले गेले. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. कार्यालयाची मुदत टळली तर कलम ७(६) प्रमाणे कोणालाच नाही, म्हणून अपिलानंतर दिल्या जाणाऱ्या उत्तरात पैसे मागण्याआधी तारखा तपासा.

पुन्हा लिहिलेलं उत्तर

आता मसुद्याच्या जागी हे ठेवू. जावक क्रमांक, पत्ते आणि संदर्भ नेहमीप्रमाणे वर येतीलच.

"आपला अर्ज दि. ५ जानेवारी रोजी मिळाला. आपण पाच मुद्द्यांवर माहिती मागितली आहे. एकूण ४८ पाने आढळली. २८ पाने सोबत देत आहोत, ६ पाने २ मार्च रोजी देण्याचे ठरवले आहे आणि १४ पाने राखून ठेवली आहेत. सोबतच्या पानांना १ ते २८ असे क्रमांक दिले आहेत.

मुद्दा १, कार्यादेश व अंतिम देयक: पूर्ण ८ पाने दिली आहेत (पान १ ते ८). पान ८ वरील ठेकेदाराचा बँक खाते क्रमांक व पॅन एवढेच झाकले आहे, कारण ठेकेदार एकल मालक असून ही त्यांची वैयक्तिक माहिती आहे, कलम ८(१)(ञ). कामाची रक्कम, कपाती व प्रदान दिनांक कायम ठेवले आहेत, त्यामुळे झाकलेली माहिती उघड करण्याइतके सार्वजनिक हित कलम ८(२) प्रमाणे दिसून आले नाही.

मुद्दा २, मोजमाप पुस्तकातील नोंदी: या कामाच्या सर्व १४ पानांच्या प्रती दिल्या आहेत (पान ९ ते २२). काहीही राखलेले नाही.

मुद्दा ३, दर विश्लेषण: ९ पाने आहेत. ठेकेदारास कलम ११ प्रमाणे सूचना दिली होती, त्यांनी दि. १६ जानेवारी रोजी हरकत घेतली. दराची फोड दाखवणाऱ्या ६ पानांबाबतची हरकत मान्य केलेली नाही, कारण काम पूर्ण झाले आहे, खर्च सार्वजनिक निधीतून आहे आणि नुकसान कसे होईल हे ठेकेदारांनी दाखवलेले नाही. ठेकेदारांना या निर्णयाविरुद्ध दि. २८ फेब्रुवारीपर्यंत अपील करता येते. अपील न झाल्यास ६ पाने, १२ रुपये शुल्क भरल्यावर, दि. २ मार्च रोजी देण्यात येतील. अपील झाल्यास आपणास कळवू. उरलेल्या ३ पानांत पुरवठादारांनी ठेकेदारास दिलेले चालू सवलतीचे दर आहेत. ते उघड झाल्यास पुढील निविदांमध्ये ठेकेदाराच्या स्पर्धात्मक स्थानास हानी पोहोचेल, म्हणून राखली आहेत, कलम ८(१)(घ).

मुद्दा ४, चौकशीची कागदपत्रे: १६ पाने आहेत. चौकशी आदेश व स्थळपाहणी अहवाल, एकूण ५ पाने, दिली आहेत (पान २३ ते २७). तीन व्यक्तींचे जबाब, ११ पाने, राखले आहेत. दोन व्यक्तींचे जबाब नोंदवणे बाकी आहे. आधीचे जबाब उघड झाल्यास त्यांच्या सांगण्यावर परिणाम होऊन तपासात अडथळा येईल, कलम ८(१)(ज). ही बाब दक्षता शाखेच्या पत्रावरून निश्चित केली आहे. उर्वरित जबाब पूर्ण झाल्यावर हे कारण राहणार नाही. त्यानंतर ही पाने पुन्हा मागता येतील.

मुद्दा ५, दोषदायित्व कालावधीतील दुरुस्ती: कामाची नस्ती, तक्रार नोंदवही व जावक नोंदवही तपासली. रहिवाशांच्या तक्रारीची नोंद दिली आहे (पान २८). ठेकेदारास दुरुस्तीसाठी पाठवलेले पत्र किंवा दुरुस्ती न करण्याबाबतचा निर्णय या अभिलेखांत नाही. असे पत्र तयार झाल्याची नोंदही आढळली नाही.

या उत्तराविरुद्ध, यातील नकार, शुल्क किंवा माहितीच्या स्वरूपाविरुद्ध, हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रथम अपील करता येईल. अपील जोडपत्र 'ब' मध्ये, २० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह, खालील अधिकाऱ्यांकडे करावे."

त्याखाली प्रथम अपिलीय अधिकाऱ्याचं नाव, पदनाम, पूर्ण पत्ता आणि दूरध्वनी. मग सही, आणि सहीखाली जन माहिती अधिकाऱ्याचं नाव व पदनाम, कारण निर्णय कोणी दिला हे कळवणं कलम १०(२) प्रमाणे आवश्यक आहे. सहीच्या जागी नुसता गोल शिक्का चालत नाही.

मूळ मसुद्यापेक्षा हे बरंच लांब आहे. एका पानात बसवण्यासाठी यातलं काही काढावंसं वाटलं, तर संदर्भाच्या ओळी कमी करा, कारणं ठेवा. सगळ्यात वरचा आकड्यांचा परिच्छेद तर काढूच नका. ४८ पानांचा हिशोब २८, ६ आणि १४ असा जुळला तर उत्तरात काही सुटलेलं नाही. जुळला नाही तर सही करण्याआधी नस्ती पुन्हा उघडावी लागेल.

पाठवण्याआधी मसुदा शाखेतल्या अशा कोणाला द्या ज्याने ही नस्ती पाहिलेली नाही, आणि विचारा: अर्जदाराला कोणतं पान मिळालं नाही, ते कधी मिळू शकेल, आणि नाराज असेल तर तो कुठे जाईल? तीनपैकी एकाही प्रश्नाला ती व्यक्ती अडखळली, तर तो परिच्छेद पुन्हा लिहा.

कार्यालयाच्या नस्तीत उत्तराच्या स्थळप्रतीसोबत सुरुवातीचा चार रकान्यांचा कागद, दक्षता शाखेचं पत्र, ठेकेदाराची हरकत आणि राखलेली १४ पानं बंद पाकिटात लावून ठेवा. झाकलेल्या पान ८ ची न झाकलेली प्रतही त्याच पाकिटात. प्रथम अपिलात किंवा पुढे राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठापुढे "नेमकं काय राखलं ते दाखवा" असं विचारलं गेलं, तर ते पाकीट पुढे करता येतं. वर्षभराने टेबलावर दुसरे अधिकारी आले असले, तरी उत्तर का तसं दिलं होतं हे त्यांना त्यातूनच कळतं.